खंड, वाटा आणि पाण्याची पाळी : येडगाव परिसरातल्या हंगामी शेतीचा आढावा

येडगावच्या शिवारात एखादे एकर रान हंगामापुरते दुसऱ्याला द्यायचे ठरले, की घेणारा आधी खंडाचा आकडा विचारत नाही. तो विचारतो, "पाणी कशाचं?" विहिरीचे, कालव्याचे की धरणाच्या फुगवट्यातून उचललेले, यावर पुढची सगळी बोलणी ठरतात. खंड किती, वाटा कितीचा, खते-औषधे कोणाची आणि रान परत कधी, हे सगळे त्यानंतर येते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात असे व्यवहार दर हंगामाला होतात आणि बहुतेक तोंडीच होतात. देणारा पुष्कळदा नोकरीधंद्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात असतो. घेणारा कधी शेजारचाच मोठा बागायतदार असतो, तर कधी मजुरीवर जगणारे, पश्चिमेच्या डोंगराळ भागातून खाली आलेले कुटुंब. या दोघांशी होणारा व्यवहार वरून सारखा दिसला तरी त्यातला धोका सारखा नसतो. या लेखात तो धोका कोणाच्या अंगावर कसा पडतो, ते पाहायचे आहे.

सुरुवात धरणापासून करावी लागते. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत : माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. त्यांत येडगावचे काम इतरांहून वेगळे आहे. स्वतःच्या साठ्यापेक्षा वरच्या धरणांतून आलेले पाणी घेऊन पुढे कालव्यात सोडणे, ही त्याची मुख्य जबाबदारी. इथून निघणारा कुकडी डावा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर जातो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत पोचतो. म्हणून धरण डोळ्यांसमोर असले, तरी त्यातले पाणी कधी किती खाली जाईल हे येडगावकरांच्या हातात नसते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तन ठरते. आवर्तन सुटले की फुगवटा मागे हटतो आणि फुगवट्याच्या कडेला मोटारी टाकून बसलेल्यांना पाण्यामागे जावे लागते.

हा खर्च हंगामी करारात सगळ्यात जास्त विसरला जातो. जानेवारीत रान ठरवताना पाणी मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला लागलेले असते, म्हणून कोणाला काही सुचत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी लांब गेले, की केबल वाढवायची, पाइप जोडायचे, मोटार पुढे सरकवायची आणि कधी मशिन लावून चर खोदायचा. यातले पाइप आणि केबल हंगामानंतरही मालकाच्या उपयोगी पडतात. चर मात्र पुढच्या पावसाळ्यात बुजतो. तेव्हा रास्त वाटणी अशी, की टिकणारी वस्तू मालकाने घ्यावी आणि त्या हंगामापुरती मजुरी व चराचा खर्च पिकावर टाकावा. खंडाच्या व्यवहारात पिकावर म्हणजे घेणाऱ्यावर, वाट्याच्या व्यवहारात दोघांवर. हे आधी बोललेले नसेल तर ऐन टोमॅटोच्या फुलोऱ्यात भांडण होते. तेव्हा घेणाऱ्याचा पैसा रानात अडकलेला असतो, त्यामुळे तोच नमते घेतो.

विहिरीच्या रानाचा प्रश्न वेगळा. इथल्या पुष्कळ विहिरी सामाईक आहेत. तीन भावांत विहीर असली तर प्रत्येकाला आठवड्यातले ठरावीक दिवस मिळतात. रान घेणाऱ्याला मालकाची पाळी मिळते, विहीर मिळत नाही. म्हणून रान ठरवण्याआधी मालकाबरोबर बाकीच्या हिस्सेदारांनाही विचारून घ्यावे लागते : पाळी कोणत्या दिवशी, किती तास, दिवसाची की रात्रीची? वीज दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळ्यांत येते आणि जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे. रात्रीचे पाणी भरणे म्हणजे उसाच्या कडेने अंधारात फिरणे. दिवसाची पाळी असलेल्या रानाला घेणारा दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो, त्याचे कारण हे आहे.

विजेच्या बिलाचा तंटा मात्र बराच कमी झाला आहे. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळते. धरणावरून लांब पाणी आणणाऱ्या मोठ्या मोटारी या मर्यादेबाहेर राहतात, त्यांचे बिल येते. त्यामुळे मोटार किती अश्वशक्तीची हे पाहून घेणे हा खंड ठरवण्याचाच भाग आहे. आणि बिल नसले तरी मोटार जळते, स्टार्टर जातो, डीपी जळाली तर नवी येईपर्यंत पीक वाळते. मोटार भरून आणण्याचा खर्च कोणाचा, हा प्रश्न मोफत विजेने सुटलेला नाही.

कालव्याचे पाणी घ्यायचे तर पाटबंधारे खात्याकडे नमुना ७ चा मागणी अर्ज करावा लागतो. तो खातेदाराच्या नावाने जातो आणि पाणीपट्टीही त्याच्याच नावावर चढते. जुनी थकबाकी असेल तर अर्जाला अडचण येते. ती थकबाकी गेल्या हंगामात दुसऱ्याच कोणी रान केले त्याची असू शकते. नवीन घेणाऱ्याने रानाच्या मातीबरोबर पाणीपट्टीची शेवटची पावतीही पाहावी. कालव्यालगतच्या विहिरींना पाझराचे पाणी येते, आवर्तन चालू असले की त्या भरतात आणि बंद झाले की उतरतात. अशी विहीर आवर्तनाच्या दिवसांत पाहून रान ठरवले तर फसगत होते. कालवा बंद असताना पाण्याची पातळी पाहावी आणि मोटार किती तासांत उचकते, ते शेजाऱ्याला विचारावे.

आता पैशाकडे येऊ. खंड म्हणजे हंगामाला ठरलेली रोख रक्कम. पीक आले काय, गेले काय, ती द्यायची. वाटा म्हणजे उत्पन्नाचा हिस्सा. निम्मा वाटा सर्वांना ठाऊक आहे, पण निम्मे कशाचे हे गावागणिक आणि पिकागणिक बदलते. काही व्यवहारांत मालक फक्त रान-पाणी देतो. काहींत तो विकत आणायच्या सगळ्या वस्तूंचा निम्मा खर्च देतो आणि मेहनत वाटेकऱ्याची असते. मजूर कुटुंबाशी होणाऱ्या व्यवहारात मालक सगळा खर्च करतो आणि कुटुंबाला कामाबद्दल तिसरा किंवा चौथा हिस्सा देतो. या शेवटच्या प्रकारात वाटेकरी म्हटला जाणारा माणूस प्रत्यक्षात मजूरच असतो. फरक एवढाच, की त्याची मजुरी बाजारभावावर टांगलेली असते.

येडगावपासून हाकेच्या अंतरावर नारायणगावचा टोमॅटो बाजार आहे. या भागातला हंगामी व्यवहार पुष्कळसा त्याच्याभोवती फिरतो, म्हणून उदाहरण उन्हाळी टोमॅटोचे घेऊ. पुढचे आकडे कोणा एका शेतकऱ्याच्या वहीतले नाहीत. हिशेब कसा चालतो ते कळावे म्हणून धरलेले सोपे आकडे आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपले घालावेत.

एक एकर रान. गादीवाफे, ठिबक, मल्चिंग पेपर, नर्सरीतली रोपे, बांबू-तार-सुतळी, खते आणि फवारण्या असा विकत आणायचा खर्च १ लाख १० हजार धरू. लागण, बांधणी, खुरपणी, फवारणी यांची मजुरी ५० हजार. म्हणजे पहिल्या तोड्यापर्यंत १ लाख ६० हजार रानात गेले. पीक २० किलोचे १,५०० क्रेट निघाले, म्हणजे ३० टन. तोडणी, निवड आणि बाजारापर्यंत वाहतूक मिळून क्रेटला ३० रुपये धरले, तर आणखी ४५ हजार. एकूण खर्च २ लाख ५ हजार. खंड ४० हजार धरू.

भाव क्रेटला सरासरी २०० रुपये मिळाला तर ३ लाख आले. खंडाने घेणाऱ्याला सगळे वजा जाता ५५ हजार उरतात, मालकाला ४० हजार. भाव १०० वर आला तर उत्पन्न दीड लाख. घेणारा ९५ हजारांनी बुडतो आणि मालकाचे ४० हजार शाबूत राहतात. भाव ४०० गेला तर घेणाऱ्याला ३ लाख ५५ हजार आणि मालकाला तेच ४० हजार.

हेच रान निम्म्या वाट्याने असते, विकत आणायचा आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च निम्मा-निम्मा आणि लागण ते फवारणीची मेहनत वाटेकऱ्याची, तर काय होते? वाटेकऱ्याचा खर्च १ लाख २७ हजार ५००, मालकाचा ७७ हजार ५००. भाव २०० असताना वाटेकऱ्याला साडेबावीस हजार राहतात. ५० हजारांची मेहनत घरच्यांनीच केली असेल तर ती रक्कमही घरातच राहते. मालकाला साडेबहात्तर हजार मिळतात, म्हणजे खंडापेक्षा बरेच जास्त. भाव १०० झाला तर वाटेकरी साडेबावन्न हजारांनी बुडतो आणि मालक जेमतेम अडीच हजारांनी. म्हणजे मंदीत वाटेकऱ्याचे नुकसान खंडापेक्षा ४० हजारांहून जास्त कमी झाले. त्यातलाही बराचसा पैसा खिशातून गेलेला नसतो, तो न मिळालेल्या मजुरीचा असतो. मजुरी न मिळणे हेही नुकसानच आहे, पण ते सावकाराच्या दारात नेत नाही.

या हिशेबातून माझे मत असे झाले आहे. ज्याच्या मागे दोन हंगाम सोसण्याची ताकद आहे, त्याने टोमॅटोला खंड द्यावा. ज्याच्याकडे हात आहेत पण भांडवल नाही, त्याने खंडाच्या मोहात पडू नये. नारायणगावात २०२३ च्या जुलैमध्ये क्रेटचा भाव दोन हजारांच्याही वर गेला होता. खंडाने रान केलेल्यांची त्या महिन्यात चांदी झाली. तो महिना पाहून पुढच्या हंगामाचे खंड चढे बोलले गेले, तर त्यात नवल नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबर उजाडेपर्यंत भाव कोसळले आणि शेतकऱ्यांवर माल टाकून द्यायची वेळ आली. गेल्या हंगामाचा वरचा भाव धरून खंड बोलणे म्हणजे पीक दुसऱ्याचे असताना तेजी आपली धरणे. मालकाला तेजीत हिस्सा हवा असेल तर त्याने वाट्यात यावे आणि मंदीतही थोडे सोसावे.

वाट्याच्या व्यवहारात एक बारीक जागा आहे आणि तिथेच जास्तीत जास्त संबंध बिघडतात : तोडणीचा खर्च. तो वरच्या हिशेबात निम्मा-निम्मा धरला. पुष्कळ ठिकाणी मात्र "मेहनत तुझी" या शब्दांत तोडणीही वाटेकऱ्याच्या गळ्यात पडते. समजा भाव ५० रुपयांवर आला आहे. तोडून बाजारात न्यायला क्रेटला ३० लागतात. म्हणजे क्रेटमागे २० रुपये अजूनही सुटतात आणि माल तोडणे फायद्याचे आहे. पण वाटेकऱ्याच्या हातात पडतात निम्मे, म्हणजे २५, आणि त्याचा खर्च ३०. तो तोडणी थांबवतो. मालकाला वाटते की वाटेकऱ्याने कामचुकारपणा केला. खरे तर वाटेकऱ्याने साधा हिशेब केलेला असतो, चूक वाटणीत असते. उत्पन्न ज्या प्रमाणात वाटायचे त्याच प्रमाणात तोडणी-वाहतूक वाटली, तर दोघांचाही तोडा एकाच भावाला थांबतो. हे एक वाक्य बोलणीत घातले तरी हंगामाच्या शेवटचा निम्मा तंटा मिटतो.

वाट्याच्या शेतीत कसणारा हात राखून खर्च करतो, ही तक्रार जुनी आहे. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचे कारण मांडले : वाढवलेल्या प्रत्येक रुपयाच्या फळातले निम्मे दुसऱ्याला जाणार असेल, तर माणूस रुपया वाढवताना थांबतो. आपल्याकडे इक्रिसॅट या संस्थेने १९७० च्या दशकापासून काही गावांच्या शेतीच्या बारकाईने नोंदी ठेवल्या, त्यांत सोलापूर जिल्ह्यातले शिरापूरही होते. त्या नोंदींवरून रडवान शबान यांनी १९८७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. तोच शेतकरी स्वतःच्या रानात आणि वाट्याच्या रानात काय करतो, हे त्यांनी तपासले. स्वतःच्या रानात एकरी उत्पादन सुमारे १६ टक्के जास्त निघाले, आणि तिथे खर्च व मेहनतही जास्त झाली होती. ही गावे मुख्यतः कोरडवाहू होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा येडगावच्या ठिबकवरच्या टोमॅटोला लावता येणार नाही. दिशा मात्र इथेही तीच दिसते. विकत आणायच्या वस्तूंचा खर्च मालकाने निम्मा उचलला की ही ओढ कमी होते, कारण मग खर्चाचा रुपयाही निम्माच लागतो.

फक्त त्यासाठी खरेदीची पावती दोघांना दिसली पाहिजे. कृषी सेवा केंद्रात उधारी कोणाच्या नावावर चालते, हा इथला कळीचा मुद्दा आहे. उधारी मालकाच्या नावावर असेल तर हिशेबाच्या दिवशी वाटेकऱ्याला प्रथमच एकूण आकडा कळतो. वाटेकऱ्याच्या नावावर असेल तर मंदीत दुकानदार त्याच्या दारात उभा राहतो आणि मालक नामानिराळा राहतो. दर पंधरा दिवसांनी पावत्यांचा फोटो एकमेकांना पाठवणे आता अवघड नाही. बाजारातल्या विक्रीच्या पट्टीचेही तसेच. पट्टी ज्या दिवशी मिळाली त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेली तर संशयाला जागा राहत नाही.

इतके सगळे असूनही व्यवहार कागदावर का येत नाही? याचे कारण कूळ कायदा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात १९५६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. अनेक पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या घरांना त्यामुळे सातबारा मिळाला, हे विसरून या कायद्यावर बोलू नये. त्याच कायद्याचे ३२-ओ कलम मात्र पुढच्या काळालाही लागू आहे. कृषक दिनानंतर नव्याने कूळ झालेल्या आणि स्वतः कसणाऱ्या माणसाला कुळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत जमीन विकत मागण्याचा हक्क त्यात आहे. हंगामापुरते रान दिलेल्या मालकाच्या मनात हीच भीती असते. याच कायद्यात खंडाचीही मर्यादा आहे : आकारणीच्या पाचपट किंवा एकरी २० रुपये, यांत जे कमी असेल ते. आज बोलल्या जाणाऱ्या खंडाशी या आकड्याचा काहीही संबंध उरलेला नाही. खंड कायद्याच्या कितीतरी बाहेर आणि लेखी करार मालकाच्या भीतीने बाद, अशा जागेत हा सगळा व्यवहार चालतो.

अकरा महिन्यांचा कागद केला की कूळ लागत नाही, असे सर्रास सांगितले जाते. त्यावर विसंबू नये. कूळ ठरते ते प्रत्यक्ष वहिवाटीवरून, कागदावरचे महिने मोजून नव्हे. उलट मालकाचे घरचे लोक, आणि मालकाच्या देखरेखीखाली रोख किंवा धान्याच्या रूपात, पण पिकाच्या वाट्याने नव्हे, मजुरी घेणारा माणूस, यांना कायदा कूळ मानत नाही. म्हणून मालक स्वतः देखरेख करून ठरलेली मजुरी देतो तो व्यवहार आणि मालक मुंबईत बसून खंड घेतो तो व्यवहार, यांचे स्वरूप कायद्याच्या नजरेतही एक नसते; मजुरी वाट्याने दिली तर मात्र ही सूट लागू होत नाही. कागद करायचा असेल तर आपला व्यवहार जसा आहे तसा तो वकिलाला सांगून करावा. छापील नमुन्यात नावे भरू नयेत.

तोंडी व्यवहाराची किंमत मुख्यतः कसणारा मोजतो. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी मोबाइलवर ई-पीक पाहणीतून करतो आणि ती खातेदाराच्या सातबाऱ्यावर चढते. अतिवृष्टी झाली, गारपीट झाली, तर पंचनामा आणि भरपाई त्या नोंदीवरून खातेदाराकडे जाते. पीक विमा योजनेत भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्यालाही भाग घेता येतो, पण राज्याने त्यासाठी नोंदणीकृत भाडेकराराची अट घातली. नोंदणी करायला मालक तयार नाही, त्यामुळे रानात ज्याचा पैसा आहे त्याला विमा नाही. पीएम-किसानचा हप्ताही जमीनधारकालाच मिळतो. तो मालकाकडे राहिला तर त्यात अन्याय नाही, कारण तो पिकाशी बांधलेला नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई मात्र खर्च ज्याने केला त्याची आहे. खंडाच्या व्यवहारात ती पूर्ण कसणाऱ्याला आणि वाट्यात खर्चाच्या प्रमाणात दिली जावी, एवढे तरी चार माणसांसमोर आधी बोलून ठेवावे. नीती आयोगाच्या समितीने २०१६ मध्ये आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा दिला. मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि भरपाईचा हक्क देणे, हा त्याचा गाभा होता. येडगावसारख्या गावाला नेमकी त्याचीच गरज आहे.

याच गावच्या कडेला हंगामी भाडेपट्ट्याचा एक सरकारी प्रकारही आहे. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की बुडीत क्षेत्रातली जमीन उघडी पडते. जलसंपदा विभाग अशी गाळपेर जमीन हंगामापुरती कसायला देतो आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना प्राधान्य असते. २०१८ च्या दुष्काळात चारा पिकवण्यासाठी अशा जमिनी राज्यभर नाममात्र भाड्याने दिल्या गेल्या. या व्यवहारात मालकी कोणाची याबद्दल शंका नसते आणि परतीची तारीख पाऊस ठरवतो. खाजगी व्यवहारात ही दोन्ही उत्तरे माणसांनी आपसांत ठरवायची असतात.

परतीची तारीख हा या आढाव्यातला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. इथे रान पाडव्यापासून पाडव्यापर्यंत द्यायची जुनी रीत आहे. सालगड्याचे सालही तसेच. पण पाडवा हलतो. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. ऊस, सोयाबीन, गहू यांना या तीन आठवड्यांनी फारसा फरक पडत नाही. उन्हाळी कांद्याला पडतो. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत लागण झालेला कांदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात काढता येत नाही. मान पडायला आणि पात सुकायला एप्रिल उजाडतो. घाईने उपटलेला कांदा चाळीत टिकत नाही, कोंब येतात, सडतो. म्हणजे तीन आठवडे लवकर आलेला पाडवा घेणाऱ्याचे पावसाळ्यातल्या भावापर्यंत माल ठेवण्याचे साधनच काढून घेतो. त्यातून मालकाने पुढच्या उन्हाळी पिकासाठी रान दुसऱ्याला बोललेले असले, तर तिघांत तंटा होतो.

यावर उपाय असा, की मुदत तारखेने न लिहिता पिकाने लिहावी आणि तारीख शेवटची हद्द म्हणून ठेवावी. "कांदा काढून, पात आणि गोण्या उचलून रान मोकळे, जास्तीत जास्त ३० एप्रिलपर्यंत." त्यापुढे रान अडवले तर आठवड्याला किती द्यायचे, हेही ठरलेले असावे. टोमॅटोला असेच : शेवटच्या तोड्यानंतर पंधरा दिवसांत रान साफ. टोमॅटोचा शेवटचा तोडा कुठला हे मात्र भाव ठरवतो. भाव चढला तर सुकत चाललेल्या झाडांवरूनही महिनाभर फळे काढली जातात. म्हणून इथे हद्दीची तारीख जास्त महत्त्वाची.

रान परत घेताना मालकाने काय पाहावे? पहिली गोष्ट प्लॅस्टिक. हंगाम संपला की मल्चिंग पेपर ओढून काढायला मजुरी लागते आणि जाणाऱ्या माणसाला तो खर्च नकोसा असतो. तसाच रोटाव्हेटर फिरवला तर कागदाचे तुकडे मातीत मिसळतात आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक नांगरटीला वर येतात. सुतळीचे तुकडे आणि तारांची टोकेही तशीच राहतात. मालकाने रोटाव्हेटर फिरण्याआधी रान पाहायला यावे, नंतर येऊन काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट मुळे. शेवटच्या दिवशी वेगवेगळ्या कोपऱ्यांतली दहा-बारा झाडे उपटून मुळे धुऊन पाहावीत. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहे. त्या रानात पुढे टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी घेणे धोक्याचे. झाड हिरवे असतानाच एकाएकी मान टाकून गेलेले असेल, तर जमिनीलगतचे खोड तिरपे कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावे. काही मिनिटांत दुधी धार उतरली तर जिवाणूजन्य मर आहे आणि ती मातीतून पुढच्या पिकाला लागते. घेणाऱ्यानेही हीच तपासणी रान घेताना, आधीच्या पिकाच्या धसकटांवर करावी. सलग दोन हंगाम टोमॅटो होऊन गेलेले रान खंडाने घेताना हा रोग विकत घेतला जातो, आणि खंडाच्या आकड्यात तो कुठे दिसत नाही.

तिसरी गोष्ट शेणखत. एका हंगामासाठी आलेला माणूस ते घालत नाही, कारण त्याचा निम्मा-अधिक फायदा पुढच्या वर्षी मालकाला मिळणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही. शेणखत मालकाने आणून द्यावे, नाहीतर घेणाऱ्याने घातलेल्या ट्रॉल्यांची निम्मी किंमत खंडातून वजा करावी. एकाच माणसाला तीन हंगाम रान बोलले तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो, पण तीन हंगामांचे बोल मालकाला कूळ कायद्याची आठवण करून देतात आणि दर वर्षी माणूस बदलला जातो. माणूस बदलला की माती झिजते.

पाणी आणि साफसफाई या दोन्हींसाठी मला एकच व्यवहार्य वाट दिसते. खंड दोन हप्त्यांत द्यावा. मोठा हप्ता रान हातात घेताना, आणि लहान हप्ता, खंडाचा साधारण चौथा भाग, पहिल्या तोड्यानंतर. पाणी मालकाच्या बाजूने तुटले, म्हणजे सामाईक विहिरीची पाळी मिळाली नाही किंवा थकबाकीमुळे कालव्याचा अर्ज अडला, तर तो दुसरा हप्ता घेणाऱ्याने राखून ठेवावा. आणि मालकाच्या हातात अनामत म्हणून पाच हजार रुपये वेगळे असावेत. प्लॅस्टिक, तार, बांबू निघाले, मोटार चालू स्थितीत परत मिळाली, बांध सांधला गेला, की ते त्याच दिवशी परत द्यावेत. एका एकरातला मल्चिंग पेपर मजूर लावून काढायला जेवढे लागेल, तेवढ्याच्या आसपास ही रक्कम असली की पुरते. ती फार मोठी ठेवली तर मालक परत देताना खोड काढतो, आणि फार लहान ठेवली तर घेणारा ती सोडून देऊन निघून जातो.